वाढत्या अंगाची दुमड

माणसाने लावलेल्या शोधांत चाकाचा पहिला नंबर लावतात. माझ्या मते तो मान लहान मुलींच्या फ्रॉकच्या दुमडीचा आहे. चाक माणसाला पुढच्या गावाला नेतं, दुमड पुढच्या वर्षाला. हा सिद्धान्त मी प्रथम मांडला तेव्हा आमच्या घरातून एवढाच अभिप्राय आला, "आधी लेंग्याची लोंबती नाडी आत घ्या."

पिंपरीच्या माळावर कारखान्यांची धुराडी नुकती उभी राहत होती, तेव्हाची गोष्ट. साताऱ्याकडचा सयाजी कंपनीत लागला आणि बायको कुसुम व छोटी हिरा यांना घेऊन कासारवाडीला राहिला. उन्हाळ्यात हिराला विषमज्वर झाला. पोर वाचली, पण वाढायचं विसरली. सयाजीची आई अंबुबाई येऊन तिला स्वतः शिवलेला फ्रॉक आणि त्याच कापडाची चड्डी घालून गेली. फ्रॉकच्या घेराला खाली दुमड होती, वाढत्या अंगाची. जाताना म्हणाली, "दिवाळीला येते. दुमड सुटली नसली तर पोर गावाला नेणार. ह्या धुरात बाभळ बी वाढायची न्हाई."

दिवाळी आली, दुमड तशीच. कुसुम फ्रॉक घेऊन स्टेशनजवळच्या रोशनबीकडे गेली. रोशनबी घरीच शिवणकाम करायची. तिचा नवरा शफी ओसरीत सायकली दुरुस्त करायचा.

"रोशनभाभी, हा आखूड करून द्या."

"आखूड? लोक लांब करायला आणतात."

"पोर वाढलेली दिसली पाहिजे."

"सीट वर केली म्हणून सायकल वाढत नाही, भाभी," शफी ओसरीतून म्हणाला.

"तुम्ही पंक्चर बघा," रोशनबी म्हणाली आणि कुसुमकडे वळली. "अगं, फ्रॉक आखूड नि दुमड बंद, असं दिसलं तर सासू म्हणेल, पोर वाढली पण आई आळशी. दुमड सोडायलाच हवी. आतलं कापड विटलेलं नसतं, त्याचा गडद पट्टा दिसतो. सासू तोच शोधणार."

"पण मग घेर घोट्यावर येईल!"

"चार बोटं खोल दुमड सुटली की आठ बोटं लांबी वाढते. तेवढीच मी कमरेपाशी आतून उचलते. वरून कमरेचा पट्टा येतो, शिवण दिसायची नाही."

फ्रॉकच्या गळ्याची नाडी आणि तिच्यावरचे काचमणी रोशनबीने मागेच काढले होते. नाडी गळ्याला आवळायची, आणि मणी हिरा दाताने तोडायची. त्यांच्या जागी सपाट गोट आला होता आणि पाठीवर टिचबटणं.

अंबुबाई आली. रोशनबीही 'सहज' येऊन बसली होती. म्हातारीने आधी गडद पट्टा पाहिला. खूश झाली. मग गळ्याकडे पाहिलं.

"मणी कुठं गेले?"

"एक पोटात, आजी. बाकीचे डब्यात," रोशनबी म्हणाली.

"बरं केलंस." अंबुबाईने नातीला मांडीवर घेतलं. कमरेपाशी तिचा हात थांबला. तिने फ्रॉक उलटा केला.

"हे टाके माझे न्हाईत. माझे इतके सरळ येत न्हाईत."

कुसुमला रडूच फुटलं. "आत्याबाई, पोरीला नेऊ नका. दुमड खोटी आहे, पण मी तिला उपाशी नाही ठेवलं हो."

अंबुबाई चड्डीच्या कमरपट्टीकडे बघत होती. पट्टीला तीन काजं होती.

"मी गेले तवा बटण कुठल्या काजात व्हतं?"

"सगळ्यात आतल्या. तरी चड्डी घसरायची."

"आणि आता?"

कुसुमने डोळे पुसून पाहिलं. बटण सगळ्यात बाहेरच्या काजात होतं. रोज सकाळी हिरा कुरकुरायची, म्हणून तिनेच ते पुढे सरकवलं होतं आणि हातांना जे कळलं ते डोक्याला कळवायचं राहिलं होतं.

"दुखण्यातनं उठलेलं पोर आधी भरतं, मग लांबतं," अंबुबाई म्हणाली. "जोंधळ्याचं उलटं असतंय. म्हणून मी जोंधळ्याला फ्रॉक शिवत न्हाई."

तिने कमरेची चोरटी शिवण दाताने तोडली. घेर घोट्यापर्यंत उतरला. हिराला तो फार आवडला, ती गिरकी घेऊन पडली आणि पुन्हा उठली.

"आत्याबाई... मग नेणार?"

"कशाला? हितंच भरलीय, हितंच लांबंल. पुढच्या दिवाळीला बघू घेर कुठं येतो." एवढं बोलून म्हातारी रोशनबीच्या जवळ सरकली आणि आवाज उतरवून म्हणाली, "पोरी, तसली टिचबटणं माझ्या चोळीला लावशील का? बोटांनी गाठ बसत न्हाई आता. सयाजीला सांगू नगं."