उरलेला स्क्रू

माझ्या काकांचा, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचा, एक ठाम सिद्धांत आहे: कंपनी प्रत्येक वस्तूत एक-दोन स्क्रू उगाच जास्तीचे घालते. ते काहीही उघडून पुन्हा बंद करतात आणि उरलेला स्क्रू बरणीत टाकतात. मी मोटरसायकलींचं गॅरेज चालवते, माझ्यासमोर हे बोलतात! डोक्यात तिडीक जाते माझ्या.

तर त्या दिवशी मावशीची मोटरसायकलच्या लायसन्सची परीक्षा होती. मावशी नर्स. लांबच्या वस्त्यांवर फिरणाऱ्या नर्सची जागा तिला मिळणार होती, पण त्याच दिवशी लायसन्स हातात पडलं तरच. नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला, आणि मावशी निवृत्त होईपर्यंत केसपेपर काढत बसणार. दोन महिने तिने शेजारच्या मैदानात घाम गाळला होता.

परीक्षेच्या मैदानावर आम्ही खाचखळग्यांतून पोचलो. रांगेत पुढे सरकताना गाडी अचानक बंद पडली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा डोळे वटारून बघत होता. बटण दाबलं की स्टार्टर फिरायचा, इंजिन काही पेटायचं नाही. मावशीने किल्ली बंद केली, पुन्हा चालू केली. दोन सेकंद इंजिन चाललं आणि गेलं.

"पेट्रोल संपलं असेल," काका म्हणाले.

"काल टाकी फुल्ल केलीय मी," मी म्हटलं.

"मग प्लग."

"काका, तुम्ही जरा गप्प बसता का?"

मावशीच्या पुढे दोनच माणसं उरली होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "मुडदा बशिवला हिचा!" म्हणत तिने पुन्हा किल्ली फिरवली आणि हँडलला असा हिसका दिला की गाडी डाव्या कुशीवर धाडकन आडवी. काका गाडी उचलायला धावले, घाबरून त्यांचा अंगठा बटणावर पडला, आणि काय सांगू! गाडी जमिनीवर आडवी लोळत धडधडायला लागली. पिवळा दिवा गुल.

सगळं मैदान बघत राहिलं. "उभी असताना मरते, पडल्यावर जिवंत होते," मावशी म्हणाली. "भूतबाधा आहे का काय हिला?"

मी झटकन किल्ली बंद केली. माझ्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला होता. सीटखाली एक छोटा सेन्सर असतो. गाडी पडली की तो इंजिन बंद पाडतो आणि पिवळा दिवा लावतो. गाडी उभी करून किल्ली बंद-चालू केल्याशिवाय मग ती सुरू होत नाही. पण आमची गाडी पडल्यावर चालते, म्हणजे सेन्सरच आडवा झालाय!

गाडी उभी केली, सीट काढली. दोन स्क्रूंनी बसणारा सेन्सर एकाच स्क्रूवर फिरून कुशीवर लवंडला होता. शेजारची बॅटरी नवीकोरी दिसत होती.

"काका, बॅटरी कुणी बदलली?"

काकांनी शर्टाच्या खिशात हात घातला. "उरला होता गं. बरणीत टाकायचा राहून गेला."

मावशीचा चेहरा पडला. "अहो, मुद्दाम काढलात? मी जाऊ नये म्हणून?"

"मुद्दाम काढला असता तर खिशात घेऊन फिरलो असतो का?" काका चिडले. मग खाली बघत म्हणाले, "भीती वाटते, हे खरंय. चढावर एकटी पडलीस, चाक फिरत राहिलं, पाय अडकला तर?" मला विचारलं, "हा सेन्सर असला तर पडल्यावर इंजिन बंद होतं ना?"

"त्यासाठीच तर असतो तो."

"सरक बाजूला," म्हणाले. सेन्सरवर छापलेला बाण वरच्या दिशेला करून तो मी धरला. दोन्ही स्क्रू त्यांनीच पिळले, इतके की मला ओरडावं लागलं, "पुरे, तुटेल!"

मावशीचा नंबर आला. न्यूट्रलमध्ये गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला आणि गाडी बंद. "सेन्सर!" काका ओरडले, "पुन्हा उघड सीट!"

"ओरडू नका!" मावशी वळून गरजली. "पिवळा दिवा नाही हा, स्टँडचा आहे. स्टँड खाली असताना गिअर टाकला की बंद पडणारच, शहाणी गाडी आहे!" खाडकन स्टँड वर केला, क्लच दाबून बटण दाबलं आणि आठाचा आकडा असा काढला की काय बिशाद पाय टेकायची.

परीक्षक कागदावर सही करता करता म्हणाले, "स्टँड विसरलात. पण गाडी बंद का पडली ते न घाबरता ओळखलंत. वाटेत एकट्या अडकणार नाही तुम्ही. पास." मावशी सगळ्यांदेखत रडली. मीही रडले, सांगायला लाज कसली.

आता मावशी रोज सकाळी वस्त्यांकडे निघते. निघायच्या आधी काका सीट उचलतात, दोन्ही स्क्रू बोटांनी चाचपतात, आणि मगच तिच्या हातात किल्ली देतात.