पुठ्ठ्याचं घर

बाळंतपणाची आणि तिला जोडून घेतलेली वर्षभराची रजा संपवून मी पुन्हा खरेदी विभागात रुजू झाले, त्याच आठवड्यात रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन आला. "मॅडम, लवकर खाली या. तुमच्या नावाचं घर आलंय."

खाली खोकेवाले काका उभे होते. आमच्या साबणाच्या वड्या वर्षानुवर्षं ह्यांच्याच खोक्यांतून जातात. त्यांच्या शेजारी माझ्या कमरेएवढं पुठ्ठ्याचं घर होतं. दार उघडत होतं, खिडकीची झडपही उघडत होती. छपरावर बाण आणि शब्द छापलेले होते : 'ही बाजू वर'.

"लेकीसाठी गं," काका म्हणाले. "विकत काही आणलेलं नाही. पुठ्ठा वाया गेलेला, हात माझे. आत बसून बघितलं तरी मोडणार नाही."

"मी बसून बघितलं," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली. "मोडलं नाही."

खिडकीतून डोकावणारी माझी गुंडी तेवढ्यातच माझ्या डोळ्यांसमोर आली. सध्या ती जेवणाच्या टेबलाखाली राहते, आणि आम्हाला तिथे वाकून नमस्कार करत जावं लागतं. मी झडप एकदा उघडली, एकदा लावली. मग हात मागे घेतला.

नव्या वर्षाच्या खोक्यांची दरपत्रकं मागवलेली होती. काकांचंही सीलबंद पाकीट आलेलं होतं. सोमवारी पाकिटं उघडायची होती आणि उघडणाऱ्या तिघांत मी होते. ह्या काळात दरपत्रक देणाऱ्याकडून पेनसुद्धा घ्यायचं नाही, असा आमच्या आचारसंहितेचा नियम. मी हे घर ठेवून घेतलं आणि ते उघडकीला आलं, तर काकांचं पाकीट न उघडताच बाद होणार. त्यांच्या कारखान्यातली निम्मी यंत्रं आमच्याच कामावर चालतात.

"काका, किती सुंदर केलंय! पण मला हे घेता येणार नाही."

"का? जागा नाही?"

"जागा आहे, परवानगी नाही. दरपत्रकं येऊन पडलीत आणि ती मीच तपासणार आहे."

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी लाच घेऊन आलो, असं म्हणायचंय का, मॅडम?"

इतकी वर्षं 'अगं पोरी' म्हणणारा माणूस आज मला 'मॅडम' म्हणत होता.

"तुम्ही मायेनं आणलंत, ते मला दिसतंय. पण सोमवारी तुमचा दर सगळ्यांत कमी निघाला, तर बाकीचे काय म्हणतील? बाईंच्या घरी खेळणं पोचलं म्हणून काम मिळालं. तुमच्या खोक्यांचं नाव कुणी घेणार नाही, काका. ह्या घराचंच घेतील."

काकांनी घराची खिडकी लावून टाकली. "माझं खोकं खोक्याच्या जिवावरच निवडलं गेलं पाहिजे," ते पुटपुटले. मग एकदम म्हणाले, "पण चहा तरी पाजू का? समोरच टपरी आहे."

"चहा आम्ही पाजणार. पाहुण्यांना चहा द्यायला कंपनीची ना नाही."

तिथेच, सगळ्यांसमोर बसून आम्ही चहा प्यायलो. दरांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, मीही नाही. घराची घडी घालून काकांनी ते टेम्पोत ठेवलं. जाताना म्हणाले, "घडी घालता येते, हे तरी बघितलंस ना पोरी?"

पोरी! मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले.

वर गेल्या गेल्या साहेबांना सांगितलं, भेटवस्तूंच्या नोंदवहीत 'परत केली' असं लिहिलं आणि काकांना दोन ओळींची मेल पाठवली : आपल्या आपुलकीबद्दल मनापासून आभार, आमच्या आचारसंहितेमुळे भेट स्वीकारता आली नाही, याचा कृपया राग नसावा.

सोमवारी पाकिटं उघडण्याआधी साहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" मी घराची गोष्ट सांगितली. हिशेब तपासणीसांनी नोंद पाहिली, मान हलवली आणि पाकिटं उघडली. काकांचा दर सगळ्यांत कमी होता. नमुन्याची खोकी एकावर एक रचून वजन ठेवलं, तेव्हाही त्यांचीच ताठ उभी राहिली. काम त्यांना मिळालं, आणि कुणालाही बोट दाखवायला जागा नव्हती.

करारावर सह्या झाल्यावर त्यांचा फोन आला. "आता तरी आणू का घर?"

"काका, आता तर मुळीच नाही!"

ते इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "बरं, मग ते नातवाला देतो. तो आत मावत नाही, पण पाय बाहेर काढून झोपेल."

रविवारी नवऱ्याने डायपरचं रिकामं खोकं माळ्यावरून काढलं. मी सुरीने दार कापलं, ते तिरकं झालं. खिडकी तर एका बाजूला कलंडलीच. नवरा म्हणाला, "हे घर आहे की भूकंप?" मी छपरावर जाड पेनाने लिहिलं, 'ही बाजू वर'.

गुंडीने ते आडवं पाडलं, आत शिरली आणि त्या वाकड्या खिडकीतून आम्हाला 'भॉ' केलं.