तीन महिन्यांची ट्यूब

घणसोलीतल्या एका नव्या टॉवरच्या तळमजल्यावर अरुणा मॅडमचा त्वचेचा दवाखाना आहे आणि तिथल्या काउंटरवर रुतिका बसते. नंबर लावणं, फोन घेणं, कपाटातून औषधं काढून देणं ही तिची कामं. पण सगळ्यात आवडीचं काम म्हणजे औषध कसं लावायचं हे पेशंटला समजावून सांगणं.

"ही हायड्रोक्विनोनची ट्यूब. रात्रीच लावायची, फक्त डागावर. दिवसा सनस्क्रीन पायजेच. तीन महिन्यांनी मॅडमना दाखवायचं, मग त्या बंद करतील. स्वतःच्या मनाने पुढे चालवायची नाय. जास्त दिवस लावली तर उलट काळं पडतं. समजलं?"

कुणी लाडीगोडी लावून आणखी एक ट्यूब मागितली, तर ती असं काही बघते की मागणारी बाई मुकाट्याने लिफ्टकडे वळते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कारण तिची आई मैना दोन वर्षं तीच ट्यूब लावत होती आणि आणून देत होती रुतिकाच.

सुरुवात अगदी नीट झाली होती. मैना गावच्या बाजारात मासे विकते. इतकी वर्षं उन्हात बसून दोन्ही गालांवर वांग पसरले होते. रुतिकानेच तिला मॅडमना दाखवलं. तीन महिन्यांत वांग इतके फिके पडले की मैना येता-जाता आरशात बघायला लागली. मग मॅडमनी ट्यूब थांबवली आणि अल्फा आर्ब्युटिन व कोजिक अ‍ॅसिडचं सिरम दिलं. हे सौम्य आहे, हळूहळू काम करतं, पण सांभाळायला बरं, असं त्या म्हणाल्या.

हळूहळू म्हणजे किती हळू, हे मैनाला पटणं शक्यच नव्हतं. त्यात सनस्क्रीन तिच्या तोंडावर टिकायचं नाही. मासळीचं पाणी उडालं की पदराने तोंड पुसलं, की गेलं सनस्क्रीन पदराला! वांग थोडे परत दिसायला लागले आणि नेमकी रुतिकाच्या धाकट्या भावाची, कल्पेशची हळद तोंडावर आली. आगरी घरातली हळद म्हणजे अख्खा गाव अंगणात. नवरदेवाची आई डाग घेऊन कशी नाचणार? मैना हिरमुसून बसली. रुतिकाला ते बघवेना. तिने कपाटातून एक ट्यूब काढली, पैसे गल्ल्यात टाकले आणि मॅडमना सांगितलं नाही. एकच, हळदीपुरती.

हळदीत मैना अशी नाचली की व्याहीसुद्धा बघत राहिले. मग सत्यनारायण आला, मग नातवाचं बारसं. आईचा हसरा चेहरा बघितला की रुतिकाला आपण फार मोठं पुण्य करतोय असं वाटायचं. प्रेम होतंच, पण डोक्याला कुलूप घालून केलेलं प्रेम.

गेल्या काही महिन्यांत मैनाच्या गालांच्या उंचवट्यावर नवाच रंग यायला लागला. वांग तपकिरी होते. हे डाग निळसर काळे होते, राखेची बोटं लागावीत तसे. मैनाला वाटलं, वांग परत आले. म्हणून ती ट्यूब सकाळीही लावायला लागली आणि तशीच उन्हात जाऊन बसायला लागली. रुतिकाला मात्र बघताक्षणी कळलं. मॅडमच्या पुस्तकात तिने असा गाल बघितला होता. तेव्हापासून ती आईसमोर जेवायला बसेना. चोराच्या मनात चांदणं. आणलेली ट्यूब तिने परत मागितली नाही, कारण मागितली असती तर कारण सांगावं लागलं असतं. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी, हे तिला माहीत होतं.

शेवटी एका गुरुवारी, मासळीला गिऱ्हाईक नसतं त्या दिवशी, मैना स्वतःच दवाखान्यात येऊन बसली.

मॅडमनी गालावर भिंगाचं यंत्र टेकवलं आणि बराच वेळ बघितलं. रुतिका दाराशी उभी होती.

"मैनाताई, ही ट्यूब अजून चालू आहे?"

"हाय ना."

"कोण देतं तुम्हाला? मी तर केव्हाच बंद केली होती."

मैनाने लेकीकडे बघितलंसुद्धा नाही. "गावातला मेडिकलवाला देतं. तोच बोलला, चांगली हाय."

रुतिकाचा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली. ट्यूब मॅडमना न सांगता येते हे आईला माहीत नव्हतं, तरी लेकीची नोकरी जाईल एवढं मात्र तिने ओळखलं होतं.

मॅडमनी पेन उचललं. "मेडिकलवाले बऱ्याचदा मिक्स क्रीम देतात. त्यात हायड्रोक्विनोनबरोबर स्टेरॉइड असतं. त्वचा पातळ झालेली दिसत नाहीये, पण स्टेरॉइड असेल तर एकदम बंद करता येणार नाही, चेहरा भडकेल. मग दिवसाआड, नंतर आठवड्यातून दोनदा, असं कमी करत जाऊ. अजून महिनाभर लावावं लागेल."

अजून महिनाभर. गप्प राहिलं की नोकरी शाबूत. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि त्या मुठीत आईचा गाल.

"मॅडम, मिक्स क्रीम नाय ते," रुतिका म्हणाली. "आपल्या कपाटातली साधी ट्यूब हाय. मी देत होते. दोन वर्षं."

"ए, गप!" मैना ओरडली. "खोटं बोलतंय पोरगी!"

"आई, तूच गप."

मॅडमनी लिहिलेला कागद फाडला. त्या रागावल्या नाहीत, ते रुतिकाला जास्त लागलं. "आजपासून बंद. एक थेंबही नाही. हे वांग नाहीत, मैनाताई. हे त्या औषधानेच पडलेले डाग आहेत. जितकं लावाल तितकं काळं होणार."

"मंग जातील कधी?"

"फिके होतील. खूप वेळ लागेल. पूर्ण जातील असं मी सांगू शकत नाही." मग रुतिकाकडे वळून त्या म्हणाल्या, "कपाटाची किल्ली ठेव टेबलावर. बाकीचं उद्या बोलू."

घरी जाताना मैना गावच्या वेशीशी येऊन थांबली.

"पुतलाला पन देतंय मी. तुझ्या ट्यूबमधली अर्धी. चार महिने झाले."

पुतळा म्हणजे मैनाच्या शेजारी मासळीची पाटी लावणारी तरुण बाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात गेली. पुतळाचा चेहरा खरंच स्वच्छ झाला होता, बघत राहावा असा. रुतिकाने सगळं सांगितलं. आत्ताच थांबव, वांग थोडे परत येतील, पण ते बरे, सौम्य औषध मॅडम देतील, असं पुन्हा पुन्हा सांगितलं.

पुतळा हसली. "तुझे आयचा झाला म्हनून माझा का बंद? माझा तर उजललाय. जलता काय गो मायलेकी?"

मैना डोक्यावरून पदर पुढे ओढून कोळंबी सोलत होती. तिने हात धुतले, पदर मागे टाकला आणि चेहरा सरळ उन्हात धरला. गिऱ्हाइकं बघायला लागली.

"बघ," ती पुतळाला म्हणाली. "नीट बघ. मी पन उजललेली."

पुतळाचा हात नकळत स्वतःच्या गालावर गेला. हसू मावळलं. बाजारातले सगळे मैनाकडे बघत होते, एकटी रुतिका सोडून.