मुलचेऱ्याच्या ओळी

डिस्क आवाज करत होती. खोलीत एसीची घरघर चालू असली तरी तो आवाज वेगळा ऐकू यायचा. सुपारी कातरल्यासारखा, मधेच थांबून पुन्हा. उमेराला तो आता झोपेतही ओळखता आला असता.

ब्रह्मपुरीच्या आरोग्य न्यासात ती संगणक सांभाळायची. न्यासाचे लोक गडचिरोली-चंद्रपुरातल्या गावोगावी फिरून सिकलसेलसाठी रक्त तपासायचे. कोणाला आजार आहे, कोण नुसता वाहक आहे, कोणाचं रक्त स्वच्छ आहे, हे सगळं या एका सर्व्हरवर होतं. रक्त चढवायची वेळ आली की डॉक्टर इथे विचारायचे. लेकरांची लग्नं जुळवताना आईबाप इथे विचारायचे.

सर्व्हरमध्ये एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या दोन डिस्क होत्या. त्यातली एक दिवाळीतच गेली. उरलेली आता कुरकुरायला लागली होती. नागपूरच्या कंपनीचा प्रफुल नव्या डिस्क घेऊन आला होता. सकाळी त्याने जुनीवरून नवीवर नक्कल उतरवून पाहिली, पण ती अर्ध्यावर अडकली, कारण जुनी डिस्क मधल्या काही जागा वाचूच देत नव्हती. मग एकच वाट उरली. नव्या डिस्कवर सगळं कोरं बसवायचं, आणि माहिती बॅकअपमधून परत आणायची. जुनी डिस्क वॉरंटीत होती, ती प्रफुल संध्याकाळी परत घेऊन जाणार होता.

प्रफुलच्या कागदावर एक ओळ होती: बॅकअप तपासला, पूर्ण आहे. खाली उमेराची सही हवी होती.

न्यासाचा कारभार घनश्यामभाऊ पाहायचे. ते दोनदा येऊन गेले. दुसऱ्या दिवशी मदत देणारे पाहुणे मुंबईहून येणार होते, त्यांना चालू यंत्रणा दाखवायची होती. रोज बॅकअप होतो, रोज 'यशस्वी' असं लिहून येतं, मग सहीला वेळ काऊन, असं त्यांचं म्हणणं होतं. उमेराने सांगितलं की यशस्वी लिहून येणं वेगळं आणि त्यातून माहिती परत उभी राहणं वेगळं. घनश्यामभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते गेले. ते वाईट नव्हते. ही नोकरी त्यांनीच तिला दिली होती, तिच्या अब्बांच्या शब्दावर. म्हणूनच त्यांना नाही म्हणणं कठीण होतं.

तिने सकाळीच सगळ्यांना नोंदी भरायचं थांबवायला लावलं होतं, नाहीतर इकडची मोजणी आणि तिकडची मोजणी कधीच जुळली नसती. मग चालू सर्व्हरवरच्या ओळी मोजल्या. एक माणूस म्हणजे एक ओळ. अठ्ठेचाळीस हजार दोनशे सोळा. त्यानंतर बॅकअप घेतला आणि तो बाजूच्या जुन्या पेंटियम संगणकावर उतरवायला लावला. ते मशीन तिने त्यासाठीच कोरं करून ठेवलं होतं. चालू सर्व्हरवर चुकून एखादी कमांड जाऊ नये म्हणून या मशीनचा पडदा तिने काळ्याऐवजी निळा करून घेतला होता.

उतरवणं बिनतक्रार झालं. एकही चूक दाखवली नाही. प्रफुलने बॅग आवरायला घेतली.

उमेराने निळ्या पडद्यावर मोजणीची कमांड दिली. एकोणचाळीस हजार आठशे चौऱ्याहत्तर.

तिने पुन्हा दिली. तेच.

प्रफुल वाकून पाहू लागला. "अधुरं उतरलं असेल," तो म्हणाला. पण अधुरं उतरलं असतं तर कुठेतरी अडखळलं असतं. मग तिने एकूण मोजणी सोडून केंद्रानुसार मोजायला सांगितलं. वडसा जुळलं. ब्रह्मपुरी जुळलं. बाकीची दोन केंद्रंही शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली. पाचवं नावच आलं नाही. मुलचेरा.

तिने बॅकअपची कमांडफाइल उघडली. ती तिच्या आधीच्या माणसाने लिहिली होती, दर केंद्राची माहिती वेगळ्या फ्लॉपीवर पाठवायची असायची तेव्हाची. त्यात चार केंद्रांची नावं होती. मुलचेऱ्याचं केंद्र नंतर उघडलं, आणि त्या फाइलमध्ये कोणी पाचवं नाव घातलं नाही. चार कामं सांगितली होती, चारही रोज नीट होत होती, म्हणून रोज यशस्वी.

आठ हजार तीनशे बेचाळीस माणसं फक्त त्या कुरकुरणाऱ्या डिस्कवर होती.

घनश्यामभाऊंना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, पुन्हा सगळा बॅकअप घे, मुलचेऱ्याचं नाव टाकून. उमेरा म्हणाली, सगळं एकदम वाचायला सांगितलं तर ही डिस्क खराब जागेवर अडकून बसेल, आणि मग काहीच हाती येणार नाही.

त्यावर प्रफुलने आणखी एक गोष्ट सांगितली. असली डिस्क फिरत आहे तोवर फिरते. एकदा थांबली की पुन्हा सुरू होईलच, याचा भरवसा नाही.

तेव्हा उमेराला लोडशेडिंग आठवलं. दुपारी वीज जाणार होती. जनरेटर पोळ्यापासून जळून पडला होता. यूपीएस दोन्ही मशीन धरून जेमतेम अर्धा तास टिकायचा. घनश्यामभाऊंनी वीज कचेरीत फोन लावला. पलीकडच्याने सांगितलं की वरून बटन दाबलं जातं, आमच्या हातात काही नाही.

खोलीला खिडकी नव्हती. उमेराला आत्ताच वाटू लागलं की हवा कमी झाली आहे.

एक मार्ग तिला सुचला. एकेका गावाच्या नोंदी सहसा एकाच वेळी भरलेल्या होत्या, म्हणजे डिस्कवर त्या जवळजवळ पडलेल्या असणार. तेव्हा गावागावाने ओढायच्या आणि तारेवरून थेट निळ्या पडद्याच्या मशीनवर लिहायच्या, आजारी डिस्कवर काहीच लिहायचं नाही. एखादं गाव अडकलं तर सोडून पुढे जायचं. पण गावं पुष्कळ होती. कुठून सुरुवात करायची?

महिन्याच्या बैठकीसाठी मुलचेऱ्याहून रंभाबाई आल्या होत्या. बाहेर व्हरांड्यात चहा घेत बसल्या होत्या. त्या बाजूच्या गावांतलं बहुतेक रक्त त्यांनीच घेतलेलं. उमेराने त्यांना आत बोलावून खुर्ची दिली आणि सरळ सांगितलं की सगळी गावं वाचणार नाहीत.

"मंग मले काऊन बलावलं?" रंभाबाईंनी विचारलं.

"तुम्ही सांगा, आधी कोणतं."

रंभाबाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग एकेक नाव घेऊ लागल्या. जिथे दुखणाईत लेकरं जास्त, ती गावं आधी. जिथे येत्या उन्हाळ्यात लग्नं ठरायची होती, ती मागोमाग. उमेरा नाव टंकायची, गाव निळ्या पडद्यावर यायचं, ती दोन्हीकडच्या ओळी मोजायची, आकडा जुळला की पुढचं. चिचटोला जुळलं. मुरूमबोडी जुळलं. एका बंगाली वस्तीवर डिस्क कातरत राहिली, कातरत राहिली, आणि मग डिस्कनेच सोडून दिलं. उमेराने ते नाव बाजूला ठेवलं. घनश्यामभाऊ दारात उभे होते. आत आले नाहीत, गेलेही नाहीत.

वीज गेली. एसीचा आवाज बंद पडला तशी डिस्क आणखी मोठ्याने ऐकू यायला लागली. यूपीएस ठराविक वेळाने टिंटिं करत होता. घाम उमेराच्या मानेवरून ओढणीत उतरत होता. तिच्या हातात आता काहीच नव्हतं. पुढचं गाव विचारायचं, टंकायचं, वाट पाहायची. वाचलेल्या प्रत्येक गावामागे न वाचलेली गावं दाटीवाटीने उभी आहेत आणि दाराला कडी आपणच लावली आहे, असं तिला वाटत होतं.

गावं संपत आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की यादीत एक नाव उरलं आहे, जे रंभाबाईंनी घेतलंच नाही. बोडीटोला. तलावावरचं, मासे धरणाऱ्या ढिवरांचं गाव. रंभाबाईंचं स्वतःचं.

"बाई, बोडीटोला?"

"थे राहू दे शेवटी," रंभाबाई म्हणाल्या. "माह्या घरचं हाय म्हणून पुढं नाई घ्यायचं."

उमेराला माहीत होतं, त्यांच्या नातीचं, आचलचं रक्त त्याच गावात तपासलं होतं. काय निघालं ते तिला आठवत नव्हतं. आजीलाही सांगितलेलं नसावं. पक्की तपासणी होऊन निकाल मागच्याच आठवड्यात भरला होता आणि निकालाची कार्डं अजून छापायची होती.

तिने बोडीटोला टंकलं. डिस्कने एकदा कातरलं, दोनदा कातरलं, आणि मग खाली खोल जाणाऱ्या चाकासारखा एक आवाज झाला. यूपीएस अजून चालू होता. डिस्कच थांबली होती.

प्रफुलने बंद करून पाहिलं, पुन्हा सुरू करून पाहिलं, थोडा वेळ गार होऊ दिली. काही झालं नाही. रंभाबाई उठल्या, पदर सारखा केला आणि बैठकीत जाऊन बसल्या.

प्रफुलच्या कागदावरची ओळ उमेराने खोडली. तिथे लिहिलं की पाच केंद्रांपैकी चार पूर्ण जुळली, मुलचेऱ्याच्या पावणेसात हजार ओळी मिळाल्या, उरलेल्या गेल्या, आणि न मिळालेल्या गावांची नावं. मग सही केली. घनश्यामभाऊंनी ते वाचलं. पाहुण्यांसमोर हे कसं ठेवायचं, असं त्यांनी विचारलं. जसं आहे तसं, ती म्हणाली. त्यांचा चेहरा उतरला. नोकरीचं मार्चनंतर पाहू, असं ते म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता गेले.

पाहुण्यांनी फार काही विचारलं नाही. त्यांना फोटो हवे होते.

पुढच्या महिन्यात उमेराने बॅकअप नव्याने लिहिला, आता केंद्रांची नावं न घेता सगळंच उचलणारा. जुन्या पेंटियमवर तो उतरवून मोजला. आकडे जुळले. तिला आनंद झाला नाही.

गेलेल्या गावांत पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं. तेव्हा घनश्यामभाऊ म्हणाले की हे लोकांना समजावून सांगायला तूच जा. शिक्षा म्हणून म्हणाले की विश्वासाने, ते तिला कळलं नाही. ती आणि रंभाबाई बसने मुलचेऱ्याला आणि तिथून जीपने बोडीटोल्याला गेल्या.

समाजमंदिरात लोक जमले. रंभाबाईंनी सुया काढून ठेवल्या. पुढे बसलेल्या मुखरू नावाच्या म्हाताऱ्याने बोट पुढे केलं नाही.

"मागं देल्लं होतं न रक्त," तो म्हणाला. "थे कुठी गेलं?"

उमेराने सांगितलं. कमांड, डिस्क असले शब्द तिने वापरले नाहीत. आमच्याकडे एकाच जागी ठेवलं होतं, दुसऱ्या जागी ठेवलंय असं आम्हाला वाटत होतं, पण आम्ही कधी उघडून पाहिलं नाही, असं म्हणाली.

"मंग आता पाहता का उघडून?"

"दर महिन्याला."

मुखरूचं बोट तरी पुढे आलं नाही. गर्दीतून लोक मागे सरकू लागले होते, दोन बाया लेकरं घेऊन उठल्याही. समाजमंदिराचं दार अरुंद होतं आणि त्याच्यासमोर उमेराच बसलेली होती. तिने बाजूला व्हावं की बसून राहावं, तिला ठरवता येईना.

मागून रंभाबाई आचलला हाताला धरून घेऊन आल्या. सात-आठ वर्षांची पोर, डोळ्यांत पिवळसर झाक. त्यांनी तिला चटईवर बसवलं, तिचं बोट पुसलं आणि सुई टोचली. पोर रडली नाही. रक्ताचा थेंब काचेवर उतरला.

रंभाबाईंनी काचेवर नाव लिहिलं आणि ती उमेराकडे सरकवली.

"हे पयलं घे," त्या म्हणाल्या.