बुधवार दुपारची रिकामी चौकट

परीक्षेच्या ड्युट्यांचा तक्ता करणाऱ्याला कोणी दुवा देत नाही, शिव्या मात्र सगळे देतात. गणिताच्या मॅडमच्या गळ्यात हे लोढणं पडलं, कारण "आकडे तुम्हालाच जमतात" असं सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं होतं. एकमुखाने ठरलेलं काम नेहमी दुसऱ्याचंच असतं.

तक्ता त्यांनी मन लावून केला. ज्याचा विषय त्या दिवशी, त्याला वर्गावर पाठवायचं नाही. एकाला एकाच दिवशी सकाळ-दुपार दोन्ही द्यायच्या नाहीत. दुपारची ड्युटी डोळ्यांवर येते म्हणून ती हिशेबात दीडपट धरायची. अदलाबदल मागायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी हात हलवत परत पाठवलं, आणि तक्त्याखाली स्वतःच लिहिलं: वैयक्तिक कारणासाठी बदल मिळणार नाही. स्वतःला त्यांनी सगळ्यांपेक्षा जास्त ड्युट्या लावल्या. फक्त बुधवार दुपारची चौकट रिकामी ठेवली.

दर बुधवारी चार ते पाच, कोर्टातल्या भेटीच्या खोलीत त्यांची मुलगी त्यांना भेटत असे. ती बापाकडे राहायची. दोन भेटी चुकल्या होत्या, एक तापामुळे आणि एक निकालाच्या बैठकीमुळे. "आईला वेळच नसतो," असं नवऱ्याचा वकील न्यायाधीशांना सांगून मोकळा झाला होता. तिसरी भेट चुकली तर भेटी कायमच्या बंद करा, असा अर्ज तो पुढच्या तारखेला देणार होता.

सोमवारी सकाळी परीक्षा मंडळाचं पत्र आलं. बुधवार दुपारचा भौतिकशास्त्राचा पेपर शुक्रवारी सकाळी, आणि शुक्रवारचा गणिताचा बुधवारी दुपारी.

मॅडम खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग तक्ता फळ्यावर उतरवला आणि खोडरबरासारखा तळहात फिरवायला लागल्या. भौतिकशास्त्राचे दोघे बुधवारी मोकळे झाले, ते वर्गांवर गेले. त्यांच्या शुक्रवारच्या जागी भाषेच्या दोघी आल्या. एकीच्या वाट्याला त्यामुळे दोन ड्युट्या आल्या शुक्रवारी, म्हणून तिची दुपारची काढून ग्रंथपालांना दिली. कोणाचंच ओझं दुसऱ्यापेक्षा एका ड्युटीहून जास्त होईना. सगळं चपखल बसलं, एक जागा सोडून.

पेपर चालू असताना त्या विषयाचा शिक्षक परीक्षा कार्यालयात शेवटपर्यंत बसलाच पाहिजे. गेल्या वर्षी एका प्रश्नात छपाईची चूक निघाली, विचारायला माणूस नव्हता आणि पोरं रडत बाहेर पडली. तेव्हा प्राचार्यांकडे हट्ट धरून हा नियम करून घेतला होता तो मॅडमनीच. गणिताचे शिक्षक दोन: मॅडम आणि तात्या. तात्यांची धाकटी लेक याच केंद्रात परीक्षेला बसली होती, त्यामुळे त्यांना परीक्षेच्या दिवसांत केंद्राची पायरीसुद्धा चढता येत नव्हती.

भौतिकशास्त्राच्या सरांना त्यांनी व्हरांड्यात गाठलं. इतकी वर्षं लपवलेलं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं, कोर्ट, लेक, वकील.

"मॅडम, गणित मला येतं हो. पण उद्या उत्तर चुकलं तर सही कोणाची? माझी चालणार नाही."

"बाहेरच्या कॉलेजचं कोणी?"

"मंडळाची परवानगी लागते. दोन दिवसांत येते का?"

प्राचार्यांनीही तेच सांगितलं, वर म्हणाले, "आधी बोलला असता तर काहीतरी केलं असतं. आता तुम्हीच सगळ्यांना नाही म्हटलंय. तुम्हाला हो म्हटलं तर माझ्या दारात रांग लागेल."

नवऱ्याला फोन केला. गुरुवार चालेल का, अर्धा तास चालेल, लेकीच्या शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटं चालतील. फोनवर त्या गयावया करत होत्या आणि स्वतःचाच आवाज त्यांना ओळखू येत नव्हता.

"कोर्टाचा आदेश बुधवारचा आहे," तो म्हणाला. "मोडायचा असेल तर तू मोड."

त्यांनी चौकटीत आपलं नाव लिहिलं. अक्षर नीट काढलं. तक्त्यावर खाडाखोड त्यांना कधीच चालत नसे.

बुधवारी दोन वाजता घंटा झाली. परीक्षा कार्यालयात मॅडम प्रश्नपत्रिका समोर घेऊन बसल्या. प्रत्येक गणित सोडवलं, एकेक आकृती तपासली. देवा, एखादी तरी चूक निघू दे, असं त्या मनात म्हणत होत्या, आणि असं मागितल्याची लाजही वाटत होती. चार वाजले. व्हरांड्यात पावलं वाजली की त्या ताठ बसायच्या. पावलं पुरवणीचा गठ्ठा घेऊन पुढच्या वर्गात निघून जायची.

पाचची घंटा झाली. मुलं हसत-खिदळत जिना उतरली. पेपर सोपा होता आणि एकही चूक नव्हती. तीन तासांत मॅडमला कोणी काहीही विचारायला आलं नाही.

पर्समध्ये ठेवलेला फोन त्यांनी सुरू केला. भेटीच्या खोलीतल्या बाईंचा निरोप होता: "मुलगी पाचपर्यंत दाराकडे तोंड करून बसली होती. तुम्ही आला नाहीत अशी नोंद करावी लागली."

मॅडमनी पेपरात आलेल्या शंका नोंदवायचा कागद पुढे ओढला, 'निरंक' लिहिलं आणि खाली सही केली.