गावठी कोण?

"वकीलकाका, तुमचा टॉमी मूळचा कुठल्या गावचा हो?"

शाळेतल्या मैत्रिणींनी पैज लावून विचारायला लावलेला प्रश्न दुर्गानं भर कमिटीत विचारला, आणि मग आपलीच जीभ चावली. वेणीमाधवराव वकील म्हणजे सोसायटीचे चेअरमन. त्यांच्या ओसरीवर पाच पंच बसलेले, दुर्गाचे वडील अण्णा हातात अर्ज घेऊन उभे. दाराआडून वकिलांची लेक सरोजिनी बघत होती. वकिलांच्या पायाशी त्यांचा कुत्रा टॉमी, गळ्यात चकचकीत चामडी पट्टा.

त्या पट्ट्याकडे बघितलं की दुर्गाचा जळफळाट होई. वर्गात सरोजिनीचं एकच पुराण, "आमचा टॉमी विलायती!" आणि आता कमिटीची नोटीस निघाली होती: 'गावठी कुत्री आवारात ठेवू नयेत.' म्हणजे दुर्गाचा मोती आठवडाभरात कुंभारी गावी, मामांच्या शेतावर. टॉमी मात्र इथंच गादीवर!

वकील भोळेपणानं म्हणाले, "टॉमी होय? दुधनी गावचा. आमच्या साडूंच्या अडत दुकानात जन्मला."

सेक्रेटरी विरुपाक्षप्पा खो खो हसले. "अहो, मग हा तर मोतीपेक्षा गावठी की! मोती निदान सोलापूर शहरातला!"

ओसरी हसली. सरोजिनीचा चेहरा पडला, आणि दुर्गाला दिवाळी झाल्यासारखं वाटलं.

वकील मात्र तापले. "नियम तो नियम. दोन्ही कुत्री काढा!"

दुर्गाची दिवाळी तिथंच विझली. टॉमी जावा हे तिला हवंच होतं, पण मोतीला घेऊन नव्हे.

"अण्णा, वाचा की!" तिनं बापाला कोपरानं ढोसलं. अर्ज तिनंच लिहिला होता. सभासद अण्णा, म्हणून सही त्यांची.

अण्णांनी घसा खाकरला. "कुत्र्याची जात न पाहता सर्वांना एकच नियम असावा. म्युनिसिपालटीचा बिल्ला असावा, आवारात दोरीनं धरावं, घाण मालकानं काढावी. तक्रार लेखी असावी आणि मालकाचं ऐकल्याशिवाय कुत्रं काढायला लावू नये."

"शब्द स्पष्ट आहेत," विरुपाक्षप्पा म्हणाले. "मीच नोटिशीत 'गावठी' लिहून घोळ घातला. कुणी ठरवायचं गावठी कोण ते?"

वकिलांनी टॉमीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "बरं, नोटीस मागं घेऊ. नवे नियम सर्वसाधारण सभेपुढं मांडू. तोवर दोन्ही कुत्री दोरीनं धरायची."

निघताना सरोजिनी टॉमीला घेऊन फाटकापर्यंत आली. "दुर्गे, संध्याकाळी दोघांना बरोबर फिरवूया? एकटी दिसले तर पोरी मला 'दुधनीकर' म्हणून चिडवतील गं."

"चिडवतीलच की! मीच चिडवणार आहे," दुर्गा म्हणाली. तरी नजर पट्ट्यावरच. मेला, लई छान होता.

घरी आई पोळ्या लाटत होती. अण्णा पाटावर टेकतात न टेकतात तोच दुर्गानं कमरेवर हात ठेवले.

"अण्णा, आई, मी ठरवलंय. मोतीला रोज मीच दोरीनं फिरवणार, त्याची घाणही मीच काढणार. सरोजिनीबरोबर जाईन. पण चालणार तिच्या पुढं!"