जोखमीचा रकाना

एथिक्स कमिटीच्या अर्जातला जोखमीचा रकाना आम्रपाली तांबेने पहिल्यांदा भरला तेव्हा तिला चार मिनिटं लागली. खोटं कशाला बोला, चारसुद्धा नाही. तिच्या पीएच.डी.च्या गाइड चारुशीला मॅडमनी मागच्या वर्षी मंजूर झालेला कुणाचा तरी अर्ज नमुना म्हणून पाठवला होता. त्यात होतं, 'सहभागी विद्यार्थ्यांना कोणतीही जोखीम नाही.' आम्रपालीबाईंनी ते उचललं नि चिकटवलं. पुढचे दोन रकानेही तसेच भरले: सहभाग ऐच्छिक, नाही म्हटलं तरी गुणांवर परिणाम नाही, प्रश्नावलीवर नाव नाही, त्यामुळे कोणती कुणाची ते ओळखता येणार नाही. झालं काम! चहा थंड व्हायच्या आत अर्ज तयार.

आम्रपाली महाडच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची आणि आठवड्यातून दोन दिवस पोलादपूरला तासिका तत्त्वावर जायची. विषयही तिने मनापासून निवडला होता. पूर आणि दरडी पाहिलेल्या मुलांच्या मनात तीन-चार वर्षांनी काय उरतं, हा विषय. दोन हजार एकवीसच्या पुरात तिच्या स्वतःच्या घरातलं कपाट तरंगलं होतं, तेव्हा या विषयावर आपला हक्क आहे असंही तिला कुठेतरी वाटत असावं. माणसाला असं वाटलं की मग तो विचारायचं विसरतो.

अर्ज पाठवायच्या आधीच, ऑगस्टातल्या एका गुरुवारी, तिने पोलादपूरच्या एस. वाय.च्या वर्गात प्रश्नावली वाटून पाहिली होती. प्रश्न मुलांना कळतात का एवढंच बघायचं होतं. कमिटीची परवानगी नसताना असं करू नये, हे ती स्वतः टी. वाय.ला शिकवते. पण वर्ग आपला, मुलं आपली, कोण काय म्हणतंय! "नाव लिहू नका. ज्यांना भरायची नसेल त्यांनी बाहेर गेलं तरी चालेल," असं तिने अगदी प्रेमाने सांगितलं. एकही उठलं नाही. तिला बरं वाटलं. बत्तीस माना खाली, बत्तीस पेनं चालू.

तास संपता संपता ती म्हणाली, "रोल नंबरप्रमाणे लावून द्या रे."

बारा वर्षं शिकवणाऱ्या बाईच्या तोंडून हे वाक्य श्वासासारखं निघतं. ट्युटोरियल असो, चाचणी असो, जर्नल असो, गठ्ठा रोल नंबरप्रमाणेच यायचा. मुलांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. वर्गप्रतिनिधीने नीट लावला, वर रबर चढवला. बाईंना महाडची एस.टी. गाठायची होती. गठ्ठा स्टाफरूमच्या टेबलावर राहिला, आणि शेजारीच त्या दिवशीचा कॅटलॉग, हजेरी मांडलेला.

आता तिथल्या सुशांत सरांना दोष देऊन उपयोग नाही. एन.एस.एस.चा माणूस, कुणाचं दुखलं-खुपलं की आधी धावणारा. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहज गठ्ठा चाळला. सतराव्या कागदाच्या शेवटी, 'कुणालाही न सांगितलेलं काही लिहायचं असेल तर' या प्रश्नाखाली, बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'दरड आली त्या संध्याकाळी ताई बाहेर आली होती. माझी वही आत राहिली म्हणून मी रडत होते. ती आणायला परत गेली. हे कुणाला माहीत नाही. मी पण तिच्याबरोबर गेले असते तर बरं झालं असतं.' सर हादरले. त्यांनी कॅटलॉग उघडला, हजर मुलांतली सतरावी कोण ते मोजलं. सेजल. आणि संध्याकाळी मोटरसायकल काढून थेट तिच्या बापाला गाठलं. पोरीच्या मनावर ओझं आहे, डॉक्टरला दाखवा, जपा. सांगताना कागदावरचं सगळं सांगून बसले.

ताई म्हणजे सेजलच्या चुलत्याची मुलगी, त्या दरडीत गेलेली. चुलत्याचं घर शेजारचंच. पुढचं काय सांगायचं! बापाने भावाला सांगितलं, भावाने बायकोला. तीन आठवडे झाले तरी सेजल कॉलेजला आली नाही.

सुशांत सरांनी हे आम्रपालीला सांगितलं ते कौतुकाच्या अपेक्षेने. "वेळेवर लक्षात आलं, मॅडम. तुमची प्रश्नावली कामी आली." हो-हो करत ती बाहेर आली आणि पाण्याच्या टाकीपाशी उगाच नळ सोडून उभी राहिली.

त्याच आठवड्यात कमिटीचं पत्र आलं. अर्जात तिने मोठ्या ऐटीत, त्याच गठ्ठ्यावरून काढलेला, प्रश्नावलीच्या विश्वसनीयतेचा आकडा दिला होता, ०.८१. कमिटीने विचारलं होतं, हा आकडा कोणत्या विद्यार्थ्यांकडून मिळाला? परवानगीपूर्वी माहिती गोळा केली काय? आपत्तीच्या आठवणी विचारताना जोखीम नाही, असं कशाच्या आधारे म्हणता? उत्तर दहा दिवसांत.

चारुशीला मॅडम फोनवर म्हणाल्या, "अगं, आकडा काढून टाक. नजरचुकीने पडला म्हणावं. एवढ्यासाठी वर्ष घालवतेस की काय?"

वाक्य सोपं होतं. आम्रपालीने ते टाइपही केलं. पण पाठवायचं बटण काही दाबवेना. निर्लज्जपणालासुद्धा थोडी सवय लागते, ती तिला नव्हती. रविवारी सकाळी तिने गठ्ठा पिशवीत घातला नि पोलादपूरची गाडी पकडली. तिथून कशेडीच्या बाजूला रिक्षा केली.

पुनर्वसनातली घरं एका ओळीत होती. सेजलच्या आईने दार उघडलं. "या मॅडम, बसा. सुशांत सर येऊन गेले, आता तुम्ही. आमच्या घरी मोठी माणसं यायला लागली." बोलण्यात धार होती, पण पाण्याचा तांब्या पुढे आला. "शेजारची जाऊ आमची, तवापासनं तोंड फिरवून हाय. पोरगी दारात गेली की ती आत जाते. पोरीला जेवण जात नाय."

सेजल आतून आली. अंगाने निम्मी झालेली. आम्रपाली वाटेत घोकलेलं सगळं विसरली आणि नुसतं म्हणाली, "सेजल, माझं चुकलं गं."

"तुम्ही नाव लिहू नका म्हणालात, मॅडम," सेजल हळू म्हणाली. "मी नाव लिहिलं नव्हतं."

तिने आरडाओरडा केला असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"तुला नको वाटलं असतं तर..." आम्रपालीने तरी तोंड उघडलंच. खुळी बाई!

"तर बाहेर जायचं? बाहेर गेलं की अख्ख्या वर्गाला कळतं, हिचं काहीतरी हाय म्हणून. आणि तुम्ही आमच्या मॅडम. इंटर्नलचे मार्क तुमच्याकडं." मग ती म्हणाली, "माझा कागद मला परत द्याल?"

आम्रपालीच्या अर्जात त्याचंही उत्तर तयार होतं. प्रश्नावलीवर नाव नसल्याने ती नंतर ओळखून परत देता येणार नाही. तिने गठ्ठा काढला, रबर सरकवला आणि बोटाला थुंकी लावून मोजायला लागली. एक, दोन, तीन. सेजल बघत होती. सतरावा कागद हातात आला आणि आपण काय करतोय ते तिला तेव्हा कुठे दिसलं.

"सगळ्यांचे असे सापडतात?" सेजलने विचारलं.

"हो."

"म्हणजे आमच्या वर्गातल्या गणूचा, सगळ्यांचाच."

"हो, सगळ्यांचाच." आणि मग बाईंना रडू आवरेना. परक्याच्या घरी, पाण्याचा तांब्या पुढ्यात ठेवून, ती मुलासारखी रडली. सेजलने कागदाची घडी घातली नि मुठीत धरली.

निघताना आम्रपालीने विचारलं, "कमिटीला खरं लिहिणार आहे. तुझं नाव, गाव, काही येणार नाही. पण झालं ते लिहू का?" महाडच्या सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंचा नंबरही तिने दिला. हा नंबर प्रश्नावलीच्या शेवटी छापायला हवा होता, हे सांगताना तिला लाज वाटली. सेजल म्हणाली, "लिहा. दुसऱ्या पोरांचं असं नको."

जोखमीचा रकाना तिने पुन्हा लिहिला, त्याला चार दिवस लागले. परवानगीआधी माहिती घेतली, गठ्ठा रोल नंबरप्रमाणे लागला, एका मुलीची ओळख उघड झाली, घरापर्यंत गेली, हे तिने आधी मांडलं. ते कागद वापरणार नाही, ०.८१ सुद्धा काढून टाकते, असं लिहिलं. मग पुढची व्यवस्था लिहिली. वर्गाला शिकवणारा कुणीही खोलीत नसेल. भरलेली असो वा कोरी, प्रत्येक जण पाकीट बंद करून पेटीत टाकेल, म्हणजे नाही कोण म्हणालं ते कुणालाच कळणार नाही. पेटीत पडेपर्यंत कागद परत घेता येईल, नंतर येणार नाही, आणि हे आधी सांगितलं जाईल. अठरा पूर्ण नसतील त्यांच्या पालकांची आणि त्यांची स्वतःचीही संमती घेऊ. 'न सांगितलेलं काही' हा प्रश्न गाळला. मदत हवी असणाऱ्याने स्वतः कुणाकडे जायचं ते वेगळ्या चिठ्ठीवर, आणि ती चिठ्ठी सगळ्यांना. कागद कुलपात, किल्ली एकाकडे, पाच वर्षांनी नष्ट.

कमिटीने लेखी समज दिली. ते बत्तीस कागद नष्ट करून तसं कळवा, म्हणाली. एकतीस फाडले, एक मूळ मालकाला परत दिला, असं तिने कळवलं. नोव्हेंबरात मंजुरी आली. पाठोपाठ कमिटीच्या सचिवांचा फोन आला.

"तांबे मॅडम, तुमचा जोखमीचा भाग फार चांगला उतरलाय. एवढा प्रामाणिक अर्ज मी पाहिला नव्हता. नव्या संशोधकांना नमुना म्हणून द्यावा म्हणतो. नाव-गाव काही राहणार नाही. तुमची हरकत नाही ना?"

चारुशीला मॅडम तर हरखल्याच. "बघ, सोनं झालं!" आम्रपालीला मात्र ते ऐकवेना. सेजल अजून घरीच होती. काकी अजून बोलत नव्हती. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत टळून गेली होती. आणि त्या सगळ्यातून उरलं काय, तर हिचं कौतुक. सचिवांना हो म्हणून टाकावं, नाव तर कुठे येतंय, असंही मनात आलं. आलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तिने सेजलला फोन लावला. सगळं सांगितलं, कोण वाचणार, कशासाठी, त्यात काय काय आहे. "तुला विचारल्याशिवाय हो म्हणायचं नव्हतं. नुकसान कुणाचंच नाही होणार, तू काहीही म्हणालीस तरी."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"काकी काल दारात आली होती," सेजल म्हणाली. "बोलली नाय. नुसती वाटीभर कालवण ठेवून गेली. आता कुठं लोकांनी त्याबद्दल बोलायचं थांबवलंय, मॅडम. तुम्ही कुणाला देऊ नका. माझी तयारी नाय."

"बरं," आम्रपाली म्हणाली. का, असं विचारायचं तिच्या जिभेवर आलं होतं, ते तिने गिळलं. फोन ठेवला आणि सचिवांना कळवलं, "परवानगी मिळाली नाही."

"कुणाची?" त्यांनी विचारलं.

"ते मी सांगणार नाही," ती म्हणाली.